गच्चीवरून किती पाणी मिळेल? नकाशावरून हिशेब करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची बहुतेक उत्तरं एकाच उदाहरणाभोवती फिरतात. पुण्यातली एक सोसायटी धरू या. दोन विंगा, मिळून ४० फ्लॅट, वर स्लॅबची गच्ची, पार्किंगवर पत्र्याची शेड. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण अशा सोसायट्या शहरात शेकड्यांनी सापडतील.

मुळात हिशेब काय आहे?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर एक लिटर पाणी होतं. म्हणून क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि पाऊस मिलिमीटरमध्ये घेतला की गुणाकार थेट लिटरमध्ये येतो. जमिनीचा विचार गुंठ्यात करायची सवय असेल तर एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला शंभर लिटर.

पडलेलं सगळं पाणी पाइपपर्यंत पोचत नाही. थोडं पृष्ठभाग भिजण्यात जातं, थोडं खळग्यांत साचून वाळतं, थोडं उडून जातं. जो हिस्सा वाहून येतो त्याला अपधाव गुणांक म्हणतात. तो शून्य ते एकच्या मध्ये असतो.

```
लिटर = क्षेत्रफळ (चौ.मी.) × पाऊस (मिमी) × गुणांक
```

सूत्र एवढंच आहे. अवघड आहे ते तिन्ही आकडे खरे मिळवणं. त्यांतला क्षेत्रफळाचा आकडा नकाशावरून सगळ्यात भरवशाचा मिळतो. चुका जास्त होतात त्या पुढे, पावसाच्या आणि पाइपांच्या हिशेबात.

नकाशावर गच्ची मोजायची कशी?

एकच सोसायटी असेल तर गूगल अर्थ प्रो पुरेसं आहे. `Ruler` उघडायचं, `Polygon` निवडायचं, गच्चीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर क्लिक करत कडेनं फिरायचं. क्षेत्रफळ लगेच दिसतं, एकक चौरस मीटर करून घ्या. ब्राउझरमधल्या गूगल मॅप्सवरही उजवं क्लिक करून `Measure distance` घेतलं आणि रेघ पहिल्या बिंदूला आणून बंद केली की क्षेत्रफळ मिळतं.

काम करण्याआधी नकाशा होईल तेवढा मोठा करा. चित्र वरून सरळ घेतलेलं नसेल तर उंच इमारत एका बाजूला कललेली दिसते आणि एका बाजूची भिंतही चित्रात येते. अशा वेळी सगळे कोपरे गच्चीचेच धरा. दोन कोपरे गच्चीचे आणि दोन पायथ्याचे धरले तर भिंतही मोजली जाते. गच्चीची आकृती जमिनीवरच्या जागेपासून थोडी सरकलेली दिसली तरी हरकत नाही, आपल्याला जागा नको, आकार हवा आहे.

रेघ किती काळजीपूर्वक ओढायची, याचा अंदाज असा. विंगची गच्ची २५ बाय १६ मीटर, म्हणजे ४०० चौरस मीटर आहे. चारही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर रेघ बाहेर गेली तर ती २६ बाय १७, म्हणजे ४४२ होते. दहा टक्क्यांनी पाणी वाढलं, तेही फक्त कागदावर. म्हणून एक बाजू टेपनं प्रत्यक्ष मोजून नकाशावरच्या त्याच बाजूशी ताडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते टाळू नये.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं तर आकडा वेगळा का येतो?

बहुतेक वेळा कारण प्रोजेक्शनचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीचं असतं. वेबवरचे पार्श्वभूमीचे नकाशे `EPSG:3857` मध्ये असतात आणि त्यात विषुववृत्तापासून लांब जाऊ तसं क्षेत्रफळ फुगतं. पुण्याच्या अक्षांशावर ही फूग सुमारे ११ टक्के आहे. त्या थरावर `area($geometry)` चालवलं तर ४०० चौरस मीटरची गच्ची ४४५ च्या आसपास दिसते आणि शंका घ्यावी असं काहीच समोर दिसत नाही.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे `$area` वापरायचं. प्रोजेक्टमध्ये एलिप्सॉइड निवडलेला असेल तर ते पृथ्वीच्या वक्रतेवर हिशेब करतं. दुसरा म्हणजे थर यूटीएम या प्रोजेक्शनमध्ये नेऊन मोजायचं. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला, म्हणजे कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भाचा पश्चिम भाग यांना `EPSG:32643` चालतं. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या बाजूला `EPSG:32644` घ्या.

उतरतं छप्पर असेल तर उताराची लांबी धरायची की नाही?

नाही. पाऊस वरून पडतो, म्हणून छपराची जमिनीवर पडणारी आडवी सावली तेवढीच धरायची. नकाशा नेमकं तेच क्षेत्रफळ देतो. तीस अंशांच्या उतारावर कौलं अंथरायला १५ टक्के जास्त लागतात, पाणी जास्त मिळत नाही. छप्पर शाकारणाऱ्याच्या बिलातला आकडा या हिशेबात घेऊ नका.

मात्र पागोळीपर्यंतचा भाग धरा. भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट आलेलं छप्परही पाणी झेलतंच, आणि पन्हळ तिथेच लागणार आहे. कोकणात माडाफणसांच्या सावलीत निम्मं घर नकाशावर दिसतच नाही. तिथे सरळ टेप घेऊन जमिनीवर पागोळीची रेघ मोजा.

गच्चीवरून काय वजा करायचं?

लोक वजा करतात त्यातलं बरंच वजा करायचं नसतं. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, सोलर पॅनेल यांच्यावर पडलेलं पाणी खाली गच्चीवरच येतं, म्हणून ते धरलेलंच राहू द्या. वजा करायचा तो उघडा डक्ट, कारण त्यात पडलेलं पाणी थेट तळाला जातं. आपल्या उदाहरणात प्रत्येक विंगला १२ चौरस मीटरचा डक्ट आहे. ४०० मधून १२ गेले, ३८८ राहिले. दोन विंगांचे ७७६.

बिल्डरच्या कागदावरचा बिल्टअप एरिया इथे वापरू नका. त्यात सगळे मजले मोजलेले असतात. पाच मजल्यांच्या इमारतीलाही गच्ची एकच असते.

गुणांक किती धरायचा? प्रत्येक यादीत वेगळा दिसतो.

पृष्ठभागागणिक तो बदलतो, म्हणून यादीत एक आकडा नसून मर्यादा असते. पत्र्याला ०.७ ते ०.९, कौलांना ०.८ ते ०.९, काँक्रीटला ०.६ ते ०.८, विटांच्या फरसबंदीला ०.५ ते ०.६, कमी उताराच्या उघड्या मातीला ०.३ पर्यंत. मर्यादेतला कुठला आकडा घ्यायचा हे गच्चीवर चढून ठरवावं. चांगला उतार दिलेली, चायना मोझॅक केलेली गच्ची असेल तर ०.८ घ्या. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही डबकी दिसत असतील तर ०.७ च्या वर जाऊ नका. नवा, सरळ उताराचा पत्रा ०.९ देतो. गंजून वाकलेल्या, सांध्यांतून गळणाऱ्या पत्र्याला तेवढं देऊ नये.

आपल्या सोसायटीची गच्ची चांगली आहे असं धरून:

गच्ची ७७६ × ०.८ = ६२१
पत्र्याची शेड १२० × ०.९ = १०८

बेरीज ७२९, म्हणजे गोल ७३०. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे, कारण याचा अर्थ प्रत्येक मिलिमीटर पावसाला ७३० लिटर. सकाळी पेपरात २० मिमी पाऊस वाचला की सेक्रेटरी तोंडी सांगू शकतो: चौदा-साडेचौदा हजार लिटर.

पावसाचा आकडा कुठून घ्यायचा? जिल्ह्याची सरासरी चालेल का?

चालणार नाही. पुणे जिल्ह्यातच बघा. लोणावळ्याचा वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या घरात, पुणे शहराचा सातशेच्या आसपास आणि बारामतीचा पाचशेच्या आसपास. या तिघांची सरासरी तिघांपैकी कुणाच्याच कामाची नाही. हवामान खात्याचं जवळचं केंद्र किंवा कृषी विभागाच्या ‘महारेन’वरची आपल्या महसूल मंडळाची नोंद घ्या. घाटमाथ्याजवळ राहत असाल तर जवळचं केंद्र डोंगराच्या कुठल्या बाजूला आहे हेही पाहा. पाच-दहा किलोमीटरवर पाऊस निम्मा होतो.

वर्षाचा एकच आकडा न घेता महिन्यांचे घ्या. पुण्याच्या सरासरीच्या जवळ जाणारे गोल आकडे घेऊन आपला हिशेब असा होतो:

| महिना | पाऊस (मिमी) | पाणी (लिटर) | रोज सरासरी (लिटर) |
|---|---|---|---|
| जून | १४० | १,०२,२०० | ३,४०० |
| जुलै | १८० | १,३१,४०० | ४,२४० |
| ऑगस्ट | १२० | ८७,६०० | २,८२५ |
| सप्टेंबर | १३० | ९४,९०० | ३,१६० |
| ऑक्टोबर | ८० | ५८,४०० | १,८८५ |

एकूण ६५० मिमी आणि ४ लाख ७४ हजार लिटर. बाकीच्या महिन्यांतला वळीव सोडून दिला आहे. तो धूळ घेऊन येतो आणि त्याचा भरवसा नाही.

पहिलं पाणी सोडून द्यायचं असतं, ते गुणांकातच आलं ना?

नाही, ते वेगळं वजा करायचं. गुणांकात भिजणं, वाळणं, उडणं येतं. पहिल्या सरीचं मातीचं आणि कबुतरांच्या विष्ठेचं पाणी आपण मुद्दाम सोडतो, ते गुणांकाला माहीत नाही. दर वेळी एक मिलिमीटर सोडला तर ८९६ चौरस मीटरवरून सुमारे ९०० लिटर जातात. उघडीप पडून पुन्हा पाऊस आला तरच सोडायचं असल्यानं हंगामात अशा २५ वेळा धरल्या तर साडेबावीस हजार लिटर होतात. एकूण पाण्याच्या पाच टक्क्यांहूनही कमी. हे वाचवायच्या नादात कुणी टाकी खराब करून घेऊ नये. वजा जाता हाती साडेचार लाख.

म्हणजे टँकर बंद होतील?

साडेचार लाख ऐकायला खूप वाटतात, म्हणून हे स्वच्छ मांडायला हवं. ४० फ्लॅटमध्ये १६० माणसं, माणशी रोज १३५ लिटर धरले तर रोजची गरज २१,६०० लिटर. साडेचार लाख म्हणजे जेमतेम २१ दिवसांचं पाणी. इमारत जितकी उंच तितकी माणशी गच्ची कमी, आणि ही गोष्ट कुठल्याही टाकीनं बदलत नाही.

म्हणून वापर निवडावा लागतो. संडासाच्या फ्लशला माणशी ४५ लिटर धरले तर रोज ७,२०० लागतात. तक्त्यात पाहा, जुलैमध्येसुद्धा रोजची आवक ४,२४० च आहे. म्हणजे येईल ते पाणी येईल तसं वापरून संपणार, साठून राहणारच नाही. इथे दोन लाखांची टाकी बांधणं म्हणजे पैसा जमिनीत पुरणं. एका दिवसात ५० मिमी पाऊस पडला तर ३६,५०० लिटर येतात, त्यातले सात हजार त्याच दिवशी खर्च होतात. ३० हजारांची टाकी या सोसायटीला पुरते. एखाद्या मुसळधार दिवसाचं पाणी वरून वाहील, ते बोअरवेलजवळच्या शोषखड्ड्यात सोडावं.

कोकणातल्या घराला हाच हिशेब लागू होतो का?

सूत्र तेच, निष्कर्ष मात्र उलटा. रत्नागिरीकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. शंभर चौरस मीटरच्या कौलारू घराला ०.८ नं गुणलं की प्रत्येक मिलिमीटरला ८० लिटर, वर्षाला दोन लाख चाळीस हजार. छप्पर कमी पडण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न असतो मार्च ते मे या काळात विहीर तळाला जाते त्याचा.

तीन महिने पिण्या-स्वयंपाकाला रोज २०० लिटर धरले तर १८ हजारांची टाकी लागते. ती भरायला २२५ मिमी पाऊस पुरतो. जुलैत तो आठवड्यात पडू शकतो. म्हणजे इथे क्षेत्रफळ बारकाईनं मोजत बसण्यापेक्षा टाकीचं माप आणि तिचं झाकण नीट करण्यात वेळ घालवावा. पूर्ण छपराला पन्हळी लावायचीही गरज नाही, एक पाखं जोडलं तरी टाकी भरते. आणि जूनचं पाणी साठवण्याऐवजी छप्पर धुऊन निघाल्यावरचं, सप्टेंबरमधलं पाणी शेवटी भरून घ्यावं.

सरासरीवर हिशेब केला आणि पाऊसच कमी झाला तर?

सरासरीइतका पाऊस होत नाही अशी वर्षं पुष्कळ असतात. शक्य असेल तर २० वर्षांचे आकडे घेऊन जास्त ते कमी असे लावा आणि वरून सोळावा आकडा घ्या. तेवढा पाऊस चारपैकी तीन वर्षांत तरी मिळतो. आपल्या उदाहरणात तो ५०० मिमी निघाला असं धरू. मग पाणी ७३० × ५०० = ३ लाख ६५ हजार. टँकरचं बजेट या आकड्यावर करावं, सरासरीवर नाही.

आवार आणि मागची टेकडीही धरली तर पाणी वाढेल ना?

आवारातलं पाणी मोजा, पण वेगळ्या ओळीत. गाड्यांचं तेल, कचरा, कुत्र्यांची घाण यातून आलेलं पाणी गच्चीच्या टाकीत घेऊ नये.

टेकडीचं गणित वेगळं आहे आणि मोठ्या चुका तिथेच होतात. आधी पाणलोटाची हद्द आखावी लागते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर आपली साठवणीची जागा खुणेनं दाखवा, तिथून दोन्ही बाजूंना समोच्च रेषांना काटकोनात छेदत धारेपर्यंत चढा, धारेनं फिरून रेघ जोडा. मग प्रत्यक्ष चालून बघा. मध्ये एखादा रस्ता असेल आणि त्याच्या मोरीतून पाणी पलीकडच्या नाल्यात जात असेल तर वरचा सगळा भाग आपला नाही. डोंगरावर सलग समतल चर खणलेले असतील तर त्यांच्या वरचं पाणी चरांतच मुरणार, ते खाली येईल असं धरू नका.

गुणांकासाठी यादीतला ०.३ उचलू नका. पाटबंधाऱ्यांच्या कामात आपल्याकडे स्ट्रेंजचा तक्ता वापरतात. डब्ल्यू. एल. स्ट्रेंज या इंजिनिअरनं आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या पाऊस आणि प्रवाहावरून तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केला. त्यात एकच गुणांक नाही. मध्यम प्रतीच्या पाणलोटात हंगामाचा पाऊस ५०८ मिमी असेल तर वाहून येणारं पाणी ११ टक्क्यांच्या आसपास, ७६२ मिमी असेल तर २० टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीचा पाऊस माती पिते, ती भिजल्यावरच पाणी वाहतं, म्हणून पाऊस वाढला की टक्काही वाढतो.

दहा हेक्टरच्या पाणलोटावर ५०८ मिमीला हे सुमारे ५६ लाख लिटर होतात. ०.३ धरला असता तर दीड कोटी. पावणेतीन पट मोठं शेततळं खणून ते रिकामं राहिलेलं पाहायला मिळतं त्याच्या मुळाशी बऱ्याचदा हा एक आकडा असतो. आणि अशा कमी पावसाच्या वर्षी टक्का आणखी घसरतो, म्हणून दुष्काळात टेकडीचं पाणी गच्चीपेक्षा फार वेगानं कमी होतं.

नाल्याच्या किंवा ड्रेनेजच्या डिझाइनमधला गुणांक वापरू का?

नको. तो एका जोरदार सरीत तासाला किती पाणी येईल हे काढण्यासाठी असतो, मुद्दाम चढा धरतात, कारण तिथे चूक झाली तर रस्ता बुडतो. हंगामाच्या एकूण पाण्याला तो लावला तर आकडा फुगतो.

सगळं नीट मोजलं, तरी टाकीत कमी पाणी येतं. कुठे शोधायचं?

आधी पाइप. गच्चीवर बादलीनं पाणी ओतून ते कुठल्या पाइपानं कुठे उतरतं हे एकदा पाहाच. एका विंगच्या मागच्या बाजूचे दोन पाइप थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये गेलेले निघाले, तर निम्मी गच्ची, १९४ चौरस मीटर, हिशेबातून गेली. ७३० चा आकडा ५७५ वर येतो. एकवीस टक्के पाणी गेलं, आणि नकाशावर ते कुठेच दिसत नाही.

मग टाकीत मोजपट्टी लावा. टाकीचा तळ ४ बाय अडीच मीटर असेल तर प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे १०० लिटर. दारात साधं पर्जन्यमापक ठेवा, सकाळी दोन्ही नोंदी घ्या, आणि त्या दिवशी वापरलेलं पाणी परत मिळवा. २० मिमी पावसाला १४,६०० लिटर यायला हवेत, पहिलं पाणी वजा जाता १३,७००, म्हणजे १३७ सेंटिमीटर.

तूट कशी बदलते त्यावरून कारण सापडतं. लहान-मोठ्या प्रत्येक पावसात तूट त्याच टक्क्यानं येत असेल तर एखादा भाग जोडलेलाच नाही. प्रत्येक वेळी ठरावीक लिटर कमी येत असतील तर पहिलं पाणी सोडायची व्यवस्था जास्त सोडते आहे किंवा तिचा व्हॉल्व्ह गळतो आहे. फक्त मुसळधार पावसात तूट येत असेल तर जाळीत पानं अडकली आहेत, फिल्टर तुंबला आहे किंवा पन्हळ लहान पडते आहे. छत्री घेऊन त्याच पावसात गच्चीवर जा, पाणी कुठून ओसंडतंय ते दिसेल. चार-पाच पावसांच्या नोंदी झाल्या की यादीतला ०.८ बाजूला ठेवा आणि तुमच्या गच्चीचा निघालेला गुणांक वापरा.